नॉर्मलाइज्ड गेनची बरोबरी कितपत खरी?

वेगवेगळ्या पातळीवरून सुरुवात करणाऱ्या दोन गटांपैकी जास्त कोण शिकलं, हा वाद शिक्षकांमध्ये निघाला की त्याचं वळण ठरलेलं असतं. एक जण म्हणतो, शेवटी किती गुण मिळाले ते बघा. दुसरा म्हणतो, शेवटचे गुण कशाला, वाढ किती झाली ते बघा. मग तिसरा नॉर्मलाइज्ड गेन काढतो आणि तिथे चर्चा संपते, जणू हा आकडा आधीच्या पातळीचा फरक धुऊनच काढतो. समजा, अ गट पूर्वचाचणीत सरासरी ३० टक्क्यांवर होता आणि शिकवून झाल्यावर त्याच चाचणीत ५८ वर गेला. ब गट ६५ वरून ७९ वर गेला. शेवटचे गुण पाहिले तर ब पुढे. नुसती वाढ पाहिली तर अ पुढे, कारण त्याची वाढ २८ आणि ब ची १४, म्हणजे बरोबर दुप्पट. आता नॉर्मलाइज्ड गेनचं सूत्र लावून बघा, pre म्हणजे पूर्वचाचणीचे गुण आणि post म्हणजे शिकवल्यानंतरच्या उत्तरचाचणीचे:

```
g = (post - pre) / (100 - pre)
```

अ साठी २८ भागिले ७०, ब साठी १४ भागिले ३५. दोन्हीकडे उत्तर ०.४०. म्हणजे दोन्ही गट सारखेच शिकले, असा निष्कर्ष अहवालात छापला जातो. हा निष्कर्ष चुकीचा असू शकतो, आणि तो चुकीचा आहे की नाही हे त्याच उत्तरपत्रिकांमधून तपासता येतं. हे तपासलं जात नाही, हा माझा आक्षेप आहे. नॉर्मलाइज्ड गेन टाकून द्यावा असं मी म्हणत नाही. पण सुरुवातीच्या पातळीपासून स्वतंत्र असणं हा या सूत्राचा अंगचा गुण नाही. काही चाचण्यांत, काही गटांत तसं घडलं, हे एक निरीक्षण आहे. आपल्या गटांत ते घडतं का, हे दरवेळी दाखवावं लागतं.

आधी या सूत्राच्या बाजूचं म्हणणं पूर्ण मान्य करतो, कारण ते भक्कम आहे. उरलेल्या अंतरापैकी किती अंतर कापलं, असं मोजण्याची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना माहितीपट दाखवून त्यांच्या ज्ञानात किती फरक पडतो, हे कार्ल हॉव्हलंड आणि त्यांचे सहकारी अभ्यासत होते. त्यांनी १९४९ मध्ये अशाच भागाकाराला परिणामकारकतेचा निर्देशांक म्हटलं. ज्याला आधीच ८० टक्के माहिती आहे तो ३० टक्क्यांनी वाढूच शकत नाही, मग नुसत्या वाढीवरून त्याची तुलना कशी करणार, ही त्यांची अडचण होती आणि ती रास्त होती. पुढे १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांतल्या ६५४२ विद्यार्थ्यांची यांत्रिकीच्या संकल्पना-चाचण्यांवरची आकडेवारी एकत्र मांडली. व्याख्यानपद्धतीच्या १४ अभ्यासक्रमांत सरासरी g ०.२३ निघाला, विद्यार्थ्यांना वर्गात सतत विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या ४८ अभ्यासक्रमांत ०.४८. हा फरक नजरेआड करता येण्याजोगा नव्हता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अभ्यासक्रमांची पूर्वचाचणीची सरासरी आणि त्यांचा g यांच्यातला सहसंबंध जवळपास शून्य, म्हणजे +०.०२ होता. नुसत्या वाढीचा पूर्वचाचणीशी सहसंबंध मात्र -०.४९ होता आणि शेवटच्या गुणांचा +०.५५. तिन्ही मापांपैकी सुरुवातीच्या पातळीला न चिकटणारं हे एकच निघालं. हे श्रेय काढून घेता येणार नाही.

आणखी एक गोष्ट या सूत्राच्या बाजूने सांगायला हवी, जी त्याचे समर्थकही क्वचितच सांगतात. बहुपर्यायी प्रश्नांत विद्यार्थी अंदाज मारतात. पाच पर्याय असतील तर काहीच न येणाऱ्यालाही सरासरी २० टक्के मिळतात. त्यामुळे खालच्या गटाचे गुण जास्त फुगतात आणि नुसती वाढ आक्रसते. पण न येणारं प्रत्येक उत्तर दोन्ही चाचण्यांत निव्वळ अंदाजाने दिलं असेल, तर अंशातली वाढ ०.८ पट होते आणि छेदातलं उरलेलं अंतरही ०.८ पटच होतं. दोन्ही ०.८ कटतात आणि g जसाच्या तसा राहतो. शुद्ध अंदाजाचा दोष हे सूत्र आपोआप गिळून टाकतं.

मग अडतं कुठे? हे समजायला शिक्षणाच्या बाहेरचं एक उदाहरण उपयोगी पडेल. १९२५ मध्ये अॅबट यांनी कीटकनाशकाचा परिणाम मोजायचं एक सूत्र दिलं. फवारणी न करताही काही किडे मरतातच. म्हणून आपोआप मेलेले वजा करायचे आणि जे जिवंत राहिले असते त्यांच्यापैकी किती औषधाने मेले, ते काढायचं. आकडेमोडीचा सांगाडा अगदी g सारखाच आहे. कीटकशास्त्रात हे सूत्र आजही चालतं आणि त्यामागे साधं कारण आहे: मेलेला किडा फवारणीनंतर पुन्हा जिवंत होत नाही. बदल एकाच दिशेने होतो. चाचणीत असं आहे का? पूर्वचाचणीत बरोबर आलेलं उत्तर उत्तरचाचणीत चुकू शकतं आणि चुकतंच. कुणी घाईत वाचतो, कुणी नव्या धड्यामुळे गोंधळतो, कुठे प्रश्नच संदिग्ध असतो. म्हणून सरासरी वाढ ही खरं तर एक वजाबाकी असते: दुरुस्त झालेली उत्तरं वजा गमावलेली उत्तरं. छेदात मात्र फक्त आधी चुकलेली उत्तरं बसतात. गमावण्याची संधी कुणाला जास्त? ज्याच्याकडे आधीपासून बरोबर उत्तरं जास्त आहेत त्याला. म्हणजे वरून सुरुवात करणारा गट गमावतो जास्त, आणि ते नुकसान त्याच्या लहान छेदाने भागलं जातं.

आता अ आणि ब कडे या नजरेने पाहू. त्यासाठी सरासरी पुरत नाही, प्रत्येक विद्यार्थ्याचं प्रत्येक प्रश्नाचं दोन्ही वेळचं उत्तर लागतं. ते बहुतेक ठिकाणी फाइलमध्ये पडूनच असतं. प्रत्येक जोडीला चारपैकी एका खान्यात टाकायचं: आधी चूक नंतर बरोबर, आधी बरोबर नंतर चूक, दोन्ही वेळा बरोबर, दोन्ही वेळा चूक. समजा, दर शंभर उत्तरांमागे अ गटात ३३ उत्तरं दुरुस्त झाली आणि ५ गमावली, निव्वळ वाढ २८. ब गटात २४ दुरुस्त झाली आणि १० गमावली, निव्वळ १४. गुणांच्या तक्त्यात काहीच बदललेलं नाही, g दोन्हीकडे ०.४०च आहे. पण अ गटाने आपल्या ७० चुकांपैकी ३३ दुरुस्त केल्या, म्हणजे ४७ टक्के. ब गटाने ३५ पैकी २४, म्हणजे ६९ टक्के. गमावण्याचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखं आहे: अ ने ३० पैकी ५, ब ने ६५ पैकी १०, दर सहामागे जवळपास एक. सारखेच शिकले म्हणून ज्यांना एका ओळीत बसवलं, त्यांच्यात चुका दुरुस्त होण्याचं प्रमाण इतकं वेगळं आहे.

उलट बाजूनेही करून बघा. ब गटाच्या चुका अ इतक्याच प्रमाणात, ४७ टक्के, दुरुस्त झाल्या असत्या तर? ३५ पैकी साधारण १६.५ दुरुस्त, १० गमावलेली, निव्वळ वाढ ६.५ आणि g फक्त ०.१९. तेच शिकणं, तेच विसरणं, आणि तरी एका गटाचा आकडा दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी. अशा वेळी ब गटाच्या शिक्षकाला कमी पडल्याचा शेरा मिळेल आणि त्याला उत्तर देता येणार नाही, कारण सूत्र निष्पक्ष आहे असं सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असेल.

यावर जाणकार वाचक लगेच म्हणेल की गमावलेली उत्तरं म्हणजे आधी नशिबाने बरोबर आलेले अंदाजच असतील, आणि अंदाजाचा दोष तर सूत्र गिळतं. आक्षेप योग्य आहे, पण तोही मोजून पाहता येतो. पाच पर्यायांत दर चार चुकलेल्या अंदाजांमागे एक अंदाज बरोबर येतो. ब गटाच्या ३५ चुका सगळ्या अंदाजाने झाल्या असं धरलं तरी नशिबाने बरोबर आलेली उत्तरं ९ च्या आत राहतात. नंतर कुणी काहीच शिकलं नाही असं मानलं तरी त्यातली पाचातली चारच फिरतील, म्हणजे सात. प्रत्यक्षात दहा फिरली. उरलेल्यांचं कारण अंदाज असू शकत नाही. मग ती कोणत्या प्रश्नांत गेली ते बघायचं. दोन-तीन प्रश्नांत गोळा झाली असतील तर ते प्रश्न संदिग्ध आहेत किंवा शिकवताना तिथेच गोंधळ झाला. सगळ्या चाचणीभर पसरली असतील तर उत्तरचाचणी मन लावून सोडवली गेली नाही, अशी शंका घ्यावी. तिला गुण नसले की असं हमखास होतं. अ गटात याच हिशोबाने १४ उत्तरं फिरू शकली असती, फिरली पाचच. म्हणजे तिथे अंदाज फारसा नव्हता. ती मुलं ठाम चुकीची समजूत धरून उत्तरं देत होती आणि चांगल्या संकल्पना-चाचणीतले चुकीचे पर्याय नेमके त्यासाठीच रचलेले असतात.

मग हे सूत्र नेहमी वरच्या गटावर अन्याय करतं असं म्हणायचं का? नाही, आणि इथेच टीकाकारही घसरतात. यांत्रिकीच्या त्याच चाचणीवर कोलेट्टा आणि फिलिप्स यांनी २००५ मध्ये दाखवलं की अनेक ठिकाणी पूर्वचाचणी जास्त असणाऱ्यांचा g ही जास्त निघतो आणि तर्कशक्तीच्या वेगळ्या चाचणीशीही त्याचा संबंध दिसतो. २०१८ मध्ये निसेन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आकडेवारीवरून हेच सांगितलं: g वरून सुरुवात करणाऱ्यांना झुकतं माप देतो. कारण उघड आहे. ज्याला विषयाचा पाया आधीच आहे त्याला उरलेल्या चुका दुरुस्त करणं सोपं जातं. एकीकडे गमावलेली उत्तरं वरच्या गटाला खाली खेचतात, दुसरीकडे आधीचं ज्ञान त्याला वर ढकलतं. हेक यांच्या आकडेवारीत जवळपास शून्य सहसंबंध दिसला तो अभ्यासक्रमांच्या सरासऱ्यांमध्ये. एकाच वर्गातल्या विद्यार्थ्यांमध्ये किंवा आपल्या दोन गटांमध्येही तसंच असेल, हे त्यातून निघत नाही.

सरासरी कशाची काढली, यावरूनही घोळ होतो आणि अहवालात तो बहुधा सांगितलेलाच नसतो. चार विद्यार्थी घ्या, वीस प्रश्नांची चाचणी. पहिला २० वरून ५० टक्क्यांवर गेला, दुसरा ४० वरून ६०, तिसरा ६० वरून ८०. चौथ्याला आधी ९५ होते, नंतर ८५ मिळाले, म्हणजे त्याचे दोन प्रश्न जास्त चुकले. वर्गाची सरासरी ५३.७५ वरून ६८.७५ वर गेली, त्यावरून g ०.३२. आता प्रत्येकाचा g काढून त्यांची सरासरी घ्या: ०.३८, ०.३३, ०.५० आणि चौथ्याचा उणे २. सरासरी उणे ०.२०. तिघे छान शिकले, चौथा दोन प्रश्नांत घसरला, आणि वर्ग मागे गेला असं उत्तर आलं. मार्क्स आणि कमिंग्ज यांनी २००७ मध्ये सुचवलं की गुण घटले असतील तर घट उरलेल्या अंतराने न भागता आधीच्या गुणांनी भागावी. मग चौथ्याचा आकडा उणे ०.११ होतो आणि सरासरी ०.२८. हा उपाय सोयीचा आहे, पण वर जाणाऱ्याला एक मोजपट्टी आणि खाली येणाऱ्याला दुसरी, हे लक्षात ठेवूनच वापरावा. गटांची तुलना करताना मी वर्गाच्या सरासऱ्यांवरून काढलेला g च घेईन. एकेका विद्यार्थ्याचा g कुठेही छापू नये आणि पूर्वचाचणीची सरासरी ८० च्या पुढे गेली असेल तर सूत्र बाजूला ठेवून आधी अवघड चाचणी आणावी, कारण लहान छेदावर एकदोन प्रश्नांचाही आकडा अवाढव्य होतो.

संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप याहून मूलगामी आहे. ते म्हणतात, हा भागाकारच कशाला, पूर्वचाचणीचे गुण रिग्रेशनमध्ये घालून समायोजन करा, म्हणजे सारख्या पूर्वगुणांच्या विद्यार्थ्यांचीच एकमेकांशी तुलना होईल आणि सुरुवातीचा फरक निघून जाईल. एकाच तुकडीतून चिठ्ठ्या टाकून गट पाडले असतील तर हे g पेक्षा निश्चित चांगलं आहे. पण आपला प्रश्न आधीपासूनच वेगळ्या असलेल्या गटांचा आहे, आणि तिथली अडचण फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्येच मांडून ठेवली. त्यांच्या उदाहरणात विद्यापीठातल्या मुलामुलींची वजनं वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी घेतली. दोन्ही गटांची सरासरी होती तिथेच राहिली. पहिला संख्याशास्त्रज्ञ म्हणाला, काहीच फरक पडला नाही. दुसऱ्याने सुरुवातीच्या वजनाचं समायोजन केलं आणि म्हणाला, मुलांचं वजन मुलींपेक्षा जास्त वाढलं. आकडेमोड दोघांचीही बरोबर होती.

असं का होतं, ते आपल्या गटांवर दिसतं. दोन्ही गटांतले पूर्वचाचणीत ५० मिळवणारे विद्यार्थी निवडू, म्हणजे सुरुवात सारखी झाली असं वाटेल. पण अ ची सरासरी ३० आहे. त्यात ५० मिळवणाऱ्यांत त्या दिवशी नशीब साथ देणारे जास्त. ब ची सरासरी ६५ आहे, तिथे ५० मिळवणाऱ्यांत तो दिवस वाईट गेलेले जास्त. चाचणीची विश्वसनीयता ०.८ धरली, म्हणजे गटाच्या सरासरीपासूनच्या अंतराचा ८० टक्के भागच फेरचाचणीत टिकतो असं मानलं, तर काहीही न शिकवता फेरचाचणी घेतल्यावर पहिले सरासरी ४६ वर उतरतील आणि दुसरे ५३ वर चढतील. शिकवणं शून्य, तरी सात गुणांचा फरक, आणि तोही ब च्या बाजूने. गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंचीच्या आकडेवारीत दाखवलेलं सरासरीकडे सरकणं ते हेच. g ला हरवून रिग्रेशन जिंकत नाही, दोन्ही वेगवेगळी गृहीतकं धरतात. म्हणून अ विरुद्ध ब ही तुलना शक्यतो टाळावी. अ च्याच पातळीच्या दोन तुकड्या दोन पद्धतींनी शिकवून त्यांची तुलना करावी, ब च्या दोन तुकड्यांची वेगळी करावी, आणि मग पद्धतीचा फायदा दोन्ही पातळ्यांवर टिकतो का ते पाहावं. हेक यांची तुलना पटते तीही यामुळेच: ती पद्धतींची तुलना होती आणि खालून सुरुवात करणारे, वरून सुरुवात करणारे असे दोन्ही प्रकारचे अभ्यासक्रम तिच्यात होते.

०.३ च्या खाली कमी, ०.७ च्या वर जास्त, ही वर्गवारी त्याच आकडेवारीतून आली. ती यांत्रिकीच्या विशिष्ट संकल्पना-चाचण्यांची आहे. व्याख्या पाठ करून सुटणाऱ्या चाचणीत ०.७ सहज येतो आणि त्याचा अर्थ फारसा काही नसतो. दुसऱ्या विषयाच्या अहवालात या सीमारेषा आखलेल्या दिसल्या की त्या चाचणीवर इतर वर्गांचे आकडे किती येतात, एवढं तरी विचारावं.

शेवटचा मुद्दा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित. पूर्वचाचणीला ६० जण बसले, सरासरी ४०. उत्तरचाचणीला ४५ उरले, त्यांची सरासरी ६६. हे आकडे तसेच सूत्रात घातले तर g ०.४३ येतो. पण टिकून राहिलेल्या ४५ जणांची पूर्वचाचणीची सरासरी ४४ होती, गळालेल्या १५ जणांची २८. दोन्ही चाचण्या दिलेल्यांचेच गुण घेतले तर g ०.३९. आणि गळालेले थांबले असते, पण त्यांनी उरलेल्या अंतरापैकी फक्त १५ टक्के कापलं असतं, तर सबंध वर्गाचा g ०.३२ वर येतो. खालून सुरुवात करणाऱ्या गटात गळती बहुधा जास्त असते, त्यामुळे हा फुगवटाही त्याच गटात जास्त बसतो. किती जण गळाले आणि त्यांचे पूर्वचाचणीचे गुण किती होते, हे दोन आकडे g च्या शेजारच्या रकान्यात प्रत्येक गटासाठी वेगळे छापले पाहिजेत. ते नसतील तर अहवाल परत पाठवून मागवून घ्यावेत.